बारा कन्सोल, एक लाईन: गेमिंग कॅफेचं नेटवर्क कसं आखायचं

गेमिंग कॅफेत 'नेट स्लो आहे' अशी बोंब झाली की मालक आधी प्लॅन वाढवतो. 100 चा 200 होतो, 200 चा 500. चार दिवस बरे जातात आणि शनिवारी संध्याकाळी सगळ्या खुर्च्या भरल्या की पुन्हा तेच. गोळी झाडली तरी लागत नाही, फुटबॉलचा खेळाडू भलतीकडेच धावतो, पोरं काउंटरवर येऊन पैसे परत मागतात. याचं कारण असं की तक्रार बहुतेक वेळा वेगाची नसतेच, उशिराची असते. प्लॅन वाढवून उशीर जातोच असं नाही.

एक ठरावीक उदाहरण घेऊ. समजा नाशिकला कॉलेज रोडच्या एखाद्या गल्लीत पहिल्या मजल्यावर गाळा आहे. 10 पीएस5, 2 एक्सबॉक्स, काउंटरवर बिलिंगचा पीसी, एक प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि गिऱ्हाइकांच्या मोबाईलसाठी वायफाय. लाईन 200 एमबीपीएसची फायबर.

आता हिशोब करू. ऑनलाइन खेळताना गेम जो डेटा ओढतो तो फारच थोडा असतो. बहुतेक गेम तासाला 40 ते 150 एमबीच्या आसपास राहतात, कारण चित्र तुमच्या कन्सोलवरच तयार होतं. सर्व्हरकडून फक्त कोण कुठे आहे आणि कोणी काय केलं एवढंच येत-जात असतं. 150 एमबी धरले तरी एका कन्सोलला अर्धा एमबीपीएससुद्धा लागत नाही. बाराही जण एकाच वेळी ऑनलाइन खेळले तरी 4-5 एमबीपीएसमध्ये काम भागतं. मग 200 एमबीपीएसची लाईन कमी का पडते?

कमी पडत नाही, तुंबते. सात नंबरच्या कन्सोलवर कोणीतरी गेम उघडतो आणि अपडेट सुरू होतो, 45 जीबीचा. 200 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला 25 एमबी, म्हणजे हा अपडेट लाईन पूर्ण भरून अर्धा तास चालणार. त्या अर्ध्या तासात बाकी अकरा जणांच्या डेटाची छोटी पाकिटं त्या डाउनलोडच्या मागे रांगेत उभी राहतात. पिठाच्या गिरणीत कोणीतरी ज्वारीची दहा पोती आणून ठेवावीत आणि मागे किलोभर गव्हाचा डबा घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा तास जावा, तसं. गिरणी चांगली वेगात चालू असते, डबेवाला मात्र खोळंबतो.

ही रांग राउटरच्या किंवा इंटरनेट कंपनीच्या उपकरणाच्या मेमरीत लागते. पाकीट टाकून देण्यापेक्षा साठवून ठेवलेलं बरं, म्हणून या उपकरणांत भरपूर मेमरी दिलेली असते आणि तीच इथे नडते. याला बफरब्लोट म्हणतात. तुमच्याकडे हाच आजार आहे का, ते पाच मिनिटांत कळतं. काउंटरच्या पीसीवर कमांड प्रॉम्प्ट उघडून हे चालू ठेवा:

```
ping -t 1.1.1.1
```

पाकीट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते यात दिसतं. कोणी काही डाउनलोड करत नसताना आकडा समजा 8-10 मिलिसेकंदांचा दिसतोय. आता एका कन्सोलवर मोठा गेम डाउनलोडला लावा. आकडा 15 झाला तर ठीक. 150-200 च्या वर गेला, मधेच `Request timed out` आलं आणि डाउनलोड थांबवताच पुन्हा 10 वर आला, तर रोग सापडला. डाउनलोड नसतानाही आकडा सारखा वर-खाली नाचत असेल तर तो वेगळा रोग. तो बहुतेक वेळा केबलमध्ये, वायफायमध्ये किंवा कंपनीच्या लाईनमध्ये सापडतो.

आधी वायर आणि स्विच

बाराच्या बारा कन्सोल वायरने जोडायचे, त्यात सूट नाही. वायफायवर एका वेळी एकच जण बोलू शकतो, बाकीच्यांना थांबावं लागतं आणि हे थांबणं दर वेळी वेगवेगळं असतं. शिवाय पीएस5 चे कंट्रोलर ब्लूटूथवर चालतात, म्हणजे 2.4 गिगाहर्ट्झवर. एका खोलीत असे दहा-वीस कंट्रोलर आणि वर त्याच पट्ट्यात गर्दीचं वायफाय म्हटल्यावर बटणं उशिरा लागल्याच्या तक्रारी येणारच. गिऱ्हाइकांचं वायफाय शक्यतो 5 गिगाहर्ट्झवर ठेवायचं, तेही याच कारणासाठी.

केबल कॅट 6 घ्या, पण पूर्ण तांब्याची. बाजारात त्याच नावाने अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्तात मिळते. ती वाकवली की आतून तुटते आणि क्रिम्पिंगही नीट बसत नाही. सुरीने एक तार खरवडून बघा, आतून पांढुरकी चमक दिसली तर परत द्या. पीएस5 आणि एक्सबॉक्स दोन्हींचा लॅन पोर्ट 1 जीबीपीएसचा आहे. त्यासाठी केबलच्या आठही तारा जुळाव्या लागतात. एखादी तार सुटली तर लिंक बहुतेकदा बंद पडत नाही, गुपचूप 100 एमबीपीएसवर येते. स्विचवर त्या पोर्टचा दिवा हिरव्याऐवजी नारिंगी होतो (कंपनीप्रमाणे रंग बदलतात, स्विचच्या अंगावर छापलेलं असतं). 'पाच नंबरवरच गेम उतरायला वेळ लागतो' या तक्रारीमागे बऱ्याचदा हाच एक दिवा असतो.

स्विच एकच घ्या, 24 पोर्टचा, गिगाबिट आणि व्हीलॅन, म्हणजे आतल्या आत वेगवेगळी जाळी, करता येणारा. 12 कन्सोल, पीसी, प्रिंटर, डीव्हीआर, वायफायचा अ‍ॅक्सेस पॉइंट आणि राउटर धरले की 17 पोर्ट भरतात, म्हणजे पुढच्या वाढीला जागाही राहते. पाच-पाच पोर्टचे डबे एकाला एक जोडत गेलात की कुठला बिघडला ते शोधायला अर्धा दिवस जातो. त्यात कोणीतरी झाडलोट करताना लोंबती केबल दिसली म्हणून तिचं दुसरं टोकही स्विचमध्येच खोचतो. मग एकच पाकीट त्या वेटोळ्यात फिरत राहतं, सगळे दिवे एका तालात भराभरा लुकलुकतात आणि सगळं कॅफे बंद पडतं. स्विचच्या सेटिंगमध्ये लूप प्रोटेक्शन किंवा एसटीपी नावाचा पर्याय असतो, तो पहिल्याच दिवशी चालू करून ठेवा.

राउटर आणि स्विच यांच्यामधली केबल 1 जीबीपीएसची पुरते का, असं पुष्कळ जण विचारतात. बाहेरून येणारंच 200 असेल तर पुरते.

बँडविड्थ वाटायची कशी

बहुतेक ठिकाणी केलेला उपाय म्हणजे प्रत्येक कन्सोलला ठरावीक कोटा. 200 भागिले 12, म्हणजे प्रत्येकी साधारण 16 एमबीपीएस. ऐकायला न्याय्य वाटतं. पण मंगळवारी दुपारी दोनच गिऱ्हाईक असताना कोणी 45 जीबीचा अपडेट लावला तर बाकी लाईन रिकामी पडून असतानाही त्याला 6 तासांहून जास्त वेळ लागेल. हा कोटा माझ्या मते गेमिंग कॅफेतली सगळ्यात महागडी काटकसर आहे.

त्याऐवजी रांग हुशार करायची. राउटरमध्ये केक नावाची पद्धत असेल तर ती प्रत्येक कन्सोलची वेगळी रांग लावते आणि आळीपाळीने प्रत्येकाचं थोडं थोडं सोडते. ज्याची रांग छोटी, म्हणजे जो फक्त खेळतोय, त्याचं पाकीट आलं की लगेच पुढे जातं. डाउनलोडवाल्याला उरलेलं सगळं मिळतं. दोघे डाउनलोड करत असतील तर अर्धं-अर्धं. कोणी नसेल तर लाईन मोकळी.

यात एकच मेख आहे. रांग तुमच्या राउटरमध्ये लागली पाहिजे, कंपनीच्या डब्यात नाही. म्हणून राउटरला लाईनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडा कमी वेग सांगायचा, साधारण 90 टक्के. आणि खरा वेग म्हणजे बिलावरचा नव्हे, शनिवारी रात्री 9 वाजता मोजलेला. समजा तेव्हा 190 मिळतात, तर 170 लावा. सकाळी 190 आणि रात्री 140 मिळत असतील तर 170 चा आकडा रात्री काहीच कामाचा नाही, कारण 140 लाच रांग कंपनीकडे लागते. अशा लाईनवर एक तर 125 लावून दिवसाचा वेग सोडायचा, नाहीतर कंपनी बदलायची. अपलोडचा आकडाही वेगळा मोजा. अपलोड तुंबलं तरी खेळ तसाच अडतो आणि ते तुंबवायला एखाद्या गिऱ्हाइकाचा फोटो बॅकअपला टाकणारा मोबाईल पुरतो.

मिक्रोटिकचा राउटर असेल, राउटरओएस 7 असलेला, तर ही वाटणी एवढ्यात होते. इथे पत्त्यातला तिसरा आकडा 10 म्हणजे काउंटरचं जाळं, 20 म्हणजे कन्सोलचं, 30 म्हणजे पाहुण्यांचं. वेगाचे आकडे आधी अपलोड, मग डाउनलोड:

```
/ip firewall filter disable [find action=fasttrack-connection]
/queue type add name=cake-up kind=cake cake-flowmode=dual-srchost cake-nat=yes
/queue type add name=cake-down kind=cake cake-flowmode=dual-dsthost
/queue simple add name=total target=192.168.10.0/24,192.168.20.0/24,192.168.30.0/24 max-limit=170M/170M
/queue simple add name=games parent=total target=192.168.10.0/24,192.168.20.0/24 max-limit=170M/170M queue=cake-up/cake-down
/queue simple add name=guest parent=total target=192.168.30.0/24 max-limit=15M/30M queue=cake-up/cake-down
```

पहिली ओळ विसरू नका. राउटरचं काम हलकं व्हावं म्हणून मिक्रोटिक जुळलेल्या कनेक्शनला आडवाटेने सोडतो आणि ती वाट रांगेला टाळून जाते. ती चालू असली की सगळं बरोबर लिहूनही फरक शून्य. ती बंद केल्यावर राउटरच्या प्रोसेसरवर ताण येतो, म्हणून पूर्ण वेगाने डाउनलोड चालू असताना `System > Resources` मध्ये सीपीयूचा आकडा बघा. तो शंभरीला टेकला तर राउटर लहान पडतोय. हे झालं की वरचीच पिंगची चाचणी पुन्हा करा. डाउनलोड पूर्ण जोरात असतानाही पिंग 10 चं 15-20 पर्यंतच गेलं, म्हणजे जमलं.

अपडेट संध्याकाळीच का येतात

कारण मालक रात्री जाताना मेन स्विच पाडतो. कन्सोल रात्रभर बंद, अपडेट उतरणार कधी? दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक बसल्यावर. पीएस5 रेस्ट मोडमध्ये ठेवला तर तो आपोआप अपडेट उतरवून बसवतो. त्यासाठी `Settings > System > Power Saving > Features Available in Rest Mode` मध्ये `Stay Connected to the Internet` चालू पाहिजे. कन्सोल, स्विच आणि राउटर यांची लाईन वेगळ्या एमसीबीवर घेतली की दिवे, एसी, टीव्ही बंद करूनही हे चालू राहतं. इलेक्ट्रिशियनला हे फर्निचर बसण्याआधी सांगायचं असतं.

तरी एक हिशोब उरतोच. तोच 45 जीबीचा अपडेट बारा मशिनवर म्हणजे 540 जीबी. 170 एमबीपीएसने रात्री 11 ला सुरू झाला तर सकाळी 6 वाजतात. महिन्यात असे तीन-चार मोठे अपडेट आले की अनेक 'अनलिमिटेड' प्लॅनमध्ये बारीक अक्षरात लिहिलेली 3300 जीबीची मर्यादा दिसायला लागते आणि त्यानंतर वेग पार खाली येतो. प्लॅन घेताना एमबीपीएसच्या आधी हा आकडा विचारा. एक्सबॉक्सला शेजारच्या एक्सबॉक्सवरून गेम लॅनमधूनच उचलता येतो, इंटरनेट न खाता. ज्यांना लिनक्सची सवय आहे ते एखाद्या जुन्या पीसीवर लॅनकॅश बसवतात, म्हणजे पहिल्या कन्सोलने उतरवलेली फाइल बाकीच्यांना त्या पीसीवरून मिळते. एचटीटीपीएसवरून येणारं डाउनलोड मात्र त्यात साठत नाही, त्यामुळे सगळंच वाचेल असं धरून चालू नका. बारा कन्सोलना रेस्ट मोड पुरतो. लॅनकॅशचा खटाटोप पंचवीस-तीस मशिनच्या पुढे परवडतो.

एकाच पत्त्यावर बारा खेळाडू

काही वेळा पिंग उत्तम असतं, पण मित्राच्या खोलीत जाता येत नाही किंवा एकमेकांचा आवाज येत नाही. हा नॅटचा घोटाळा. बाहेरच्या जगाला तुमचे बाराही कन्सोल एकाच पत्त्यावरून दिसतात आणि आलेलं पाकीट कोणाचं ते राउटरला ठरवावं लागतं. एक्सबॉक्सला बाहेरून 3074 नंबरचा पोर्ट हवा असतो. दोन एक्सबॉक्स असतील तर तोच पोर्ट दोघांना देता येत नाही, म्हणून हाताने पोर्ट फॉरवर्ड करत बसू नका. राउटरवर यूपीएनपी चालू करा, पण फक्त कन्सोलच्या जाळ्यासाठी. मग प्रत्येक कन्सोल आपला वेगळा पोर्ट मागून घेतो. पीएस5 मध्ये नेटवर्कची चाचणी केली की नॅट टाइप दिसतो. 2 आला तर चालतं, 3 आला तर अडचण.

यूपीएनपी चालू असूनही 3 येत असेल तर राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे कंपनीकडून मिळालेला, पत्ता बघा. तो 100.64 ते 100.127 यांच्यामध्ये सुरू होत असेल तर कंपनीने तुम्हाला इतर गिऱ्हाइकांसोबत एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलंय. तिथे तुमच्या राउटरचं काही चालत नाही. महिन्याचे जास्तीचे पैसे भरून स्थिर आयपी घ्यावा लागतो. आणि तो पत्ता 192.168 ने सुरू होत असेल तर कंपनीचा डबाही राउटरचं काम करतोय. त्याला ब्रिज मोडमध्ये टाकायला सांगा.

पाहुण्यांचं जाळं वेगळं

गिऱ्हाइकांना वायफाय द्यावंच लागतं. यूपीआयने पैसे द्यायचे असतात, मित्राला लोकेशन पाठवायचं असतं, आणि गाळ्यात कित्येकदा मोबाईलला रेंज नसते. पण ज्या जाळ्यावर बिलिंगचा पीसी आणि डीव्हीआर आहेत त्याचाच पासवर्ड भिंतीवर लावलेली कॅफे कमी नाहीत. अशा ठिकाणी चुणचुणीत पोराला डीव्हीआरचं लॉगिन पान सापडायला पाच मिनिटं लागतात, आणि त्याचा पासवर्ड बहुधा कंपनीने दिलेलाच असतो.

व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचमध्ये पाडलेली वेगवेगळी जाळी. पोर्ट 1 ते 12 कन्सोलना, म्हणजे व्हीलॅन 20. पुढचे तीन पीसी, प्रिंटर आणि डीव्हीआरला, व्हीलॅन 10. या पोर्टवर अनटॅग्ड, म्हणजे पाकिटावर व्हीलॅनचा शिक्का न मारता, ठेवायचं, कारण कन्सोलला व्हीलॅनचं काही कळत नाही. राउटरकडे जाणाऱ्या पोर्टवर तिन्ही व्हीलॅन टॅग्ड जातात. अ‍ॅक्सेस पॉइंटच्या पोर्टवर 10 आणि 30 टॅग्ड, तिथे दोन नावांचं वायफाय दिसेल, एक स्टाफचं आणि एक पाहुण्यांचं.

इथपर्यंत करून लोक थांबतात, आणि तिथेच गफलत होते. स्विचने जाळी वेगळी केली तरी तिन्ही राउटरपाशी एकत्र येतात आणि एका जाळ्यातून दुसऱ्यात माल पोचवणं हेच तर राउटरचं काम. वेगळा नियम नसेल तर पाहुण्याचा मोबाईल बिनदिक्कत काउंटरपर्यंत पोचतो. म्हणून हवी ही ओळ:

```
/ip firewall filter add chain=forward in-interface=vlan30 dst-address=192.168.0.0/16 action=drop
```

खुद्द राउटरचं लॉगिन पान या नियमात येत नाही, कारण ती पाकिटं राउटरच्या पलीकडे जातच नाहीत. त्यासाठी इनपुट साखळीत, म्हणजे खुद्द राउटरकडे येणाऱ्या पाकिटांच्या नियमांत, पाहुण्यांना फक्त डीएनएस आणि डीएचसीपी उघडं ठेवून बाकी सगळं बंद करा. अ‍ॅक्सेस पॉइंटवर क्लायंट आयसोलेशनही चालू करा, म्हणजे पाहुण्यांचे मोबाईल एकमेकांना दिसणार नाहीत. आयपी पत्त्याची मुदत या जाळ्यावर एक-दोन तासांची ठेवा. ती चोवीस तासांची असली की दिवसभरात येऊन गेलेले मोबाईल पत्ते अडवून बसतात आणि सुट्टीच्या दिवशी रात्री 8 ला नव्या माणसाला वायफाय जोडलं जातच नाही. कन्सोलचं उलट. त्यांना कायमचा पत्ता बांधून द्या आणि तोही खुर्चीच्या नंबराप्रमाणे. सात नंबरचा 192.168.20.107 असला की कोण लाईन खातंय ते राउटरच्या यादीत बघता क्षणी कळतं.

तपासणी अशी: मोबाईल पाहुण्यांच्या वायफायवर जोडा आणि ब्राउझरमध्ये डीव्हीआरचा पत्ता टाका, मग 192.168.10.1, मग 192.168.20.1 आणि 192.168.30.1. चारही ठिकाणी पान उघडता कामा नये आणि बाहेरची कुठलीही वेबसाइट उघडली पाहिजे. 192.168.30.1 हा हमखास विसरला जाणारा पत्ता, कारण तोही राउटरच आहे, फक्त पाहुण्यांच्या बाजूचा दरवाजा.

वायफाय कोणी वापरलं याची नोंदही लागते. 2011 च्या सायबर कॅफे नियमांत धंदा म्हणून लोकांना इंटरनेट देणारी जागा सायबर कॅफेच धरली आहे. ओळखपत्र बघणं आणि वापराची नोंद कमीत कमी 1 वर्ष ठेवणं त्यात सांगितलं आहे. मोबाईलवर ओटीपी पाठवून लॉगिन देणारी व्यवस्था पाहुण्यांच्या जाळ्यावर बसवली की निदान वायफायला कोणता मोबाईल कधी जोडला याची नोंद आपोआप होते. कन्सोलवर बसणाऱ्यांची नोंद काउंटरवरच्या बिलिंगमध्ये ठेवता येते.